६५ वॅटचा चार्जर असूनही फोन सावकाश, ३३ वॅटवर मात्र सुसाट: पीपीएसची भानगड काय आहे?

जळगावचा_मी
मंडळी, एक कोडं आहे. फोन गॅलॅक्सी एस२३, कंपनी २५ वॅट सांगते. डब्यात चार्जर मिळत नाही, म्हणून लॅपटॉपचा टाइप-सीवाला ६५ वॅटचा चार्जर लावतो. स्क्रीनवर फक्त `Fast charging` येतं. शेजारच्यांचा ३३ वॅटचा छोटा चार्जर लावला की लगेच `Super fast charging` येतं आणि वेळही बराच कमी दाखवतो. केबल दोन्ही वेळा तीच. निम्म्या ताकदीचा चार्जर जास्त वेगात चार्ज करतो, हे कसं काय? दुकानदार म्हणतो त्यात पीपीएस नाही. म्हणजे नेमकं काय नाही?

भुसावळ_लोको
सोपं आहे. ६५ वॅटचा चार्जर २० व्होल्ट सोडतो, फोन तेवढे व्होल्ट घेत नाही, म्हणून फोन स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. जास्त वॅटचा चार्जर लावूच नका, एखाद दिवशी फोन जळेल. पीपीएस म्हणजे चार्जर आपोआप वॅट कमी-जास्त करतो.

तापीकाठ
लोको भाऊ, अर्धं बरोबर आहे. जळण्याची भीती मात्र काढून टाका. टाइप-सीचा पीडी चार्जर, म्हणजे फोनशी बोलून व्होल्ट ठरवणारा, लावल्या लावल्या फक्त ५ व्होल्ट देतो. मग तो फोनला आपली यादी सांगतो आणि फोन त्यातली एक ओळ मागतो. न मागता २० व्होल्ट येत नाहीत. ६५ वॅट ही चार्जरची कमाल क्षमता आहे, तेवढं तो फोनमध्ये कोंबत नाही.

जळगावकर, तुमच्या लॅपटॉप चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरात साधारण असं छापलेलं असेल:

```
5V 3A / 9V 3A / 15V 3A / 20V 3.25A
```

आणि ३३ वॅटवाल्यावर याच्या जोडीला अशी एक ओळ असेल:

```
PPS: 3.3-11V 3A
```

सगळा फरक त्या एका ओळीचा आहे. पहिल्या चार्जरकडे ५, ९, १५ आणि २० अशा ठरलेल्या चारच पायऱ्या आहेत, मधलं काही मागायची सोय नाही. दुसऱ्याकडून फोन ३.३ ते ११ व्होल्टमधला कुठलाही आकडा मागू शकतो, २० मिलिव्होल्टच्या पायरीने. म्हणजे ८.१४ मागितले, पुढच्या क्षणी ८.१६ मागितले, तरी चालतं. सोबत करंटची मर्यादाही फोनच सांगतो, ५० मिलिअँपिअरच्या पायरीने. चार्जर आपोआप काही ठरवत नाही, हुकूम फोनचा असतो. ही सोय पीडीच्या तिसऱ्या आवृत्तीत आली, २०१७ च्या सुमारास. त्यामुळे त्याआधीच्या चार्जरमध्ये ती शोधू नका.

जळगावचा_मी
फोटो काढून झूम करून पाहिलं, अगदी तेच छापलंय. पण ९ व्होल्ट ३ अँपिअर म्हणजे २७ वॅट झाले की! २५ लागतात आणि २७ मिळतायत. फोनने ९ व्होल्टची पायरी घेऊन २५ वॅट ओढायला काय हरकत आहे? ८.१४ च हवेत असा हट्ट का?

तापीकाठ
हा खरा प्रश्न आहे, जरा सविस्तर सांगतो.

फोनमधली बॅटरी चार्ज होताना साधारण ३.६ ते ४.४ व्होल्टच्या दरम्यान असते. बाहेरून ९ येतात, म्हणजे फोनच्या आत कुणीतरी ९ चे ४ करायला हवेत. ते करायच्या दोन तऱ्हा आहेत.

एक जुनी. कॉइल असलेलं कन्व्हर्टर सर्किट. याला बाहेर काहीही द्या, ५ द्या, ९ द्या, ते बॅटरीला हवं तेवढं करून घेतं. पण फोनमध्ये बसेल एवढ्या लहान कॉइलमधून जास्त करंट गेला की ती तापते. सुमारे दहा टक्के वाया जातात असं धरून चला.

दुसरी तऱ्हा म्हणजे चार्ज पंप. यात कॉइल नाही, कपॅसिटर आहेत. आलेले व्होल्ट बरोब्बर निम्मे करायचे आणि करंट दुप्पट करायचा, एवढं एकच काम त्याला येतं. पण ते काम तो फार स्वच्छ करतो, दोन-तीन टक्केच वाया घालवतो. अडचण अशी की त्याला स्वतःला काही जुळवून घेता येत नाही. बॅटरी आत्ता ३.९ वर असेल तर बाहेरून तिच्या दुपटीला थोडेसे जास्त, म्हणजे ८ च्या जरा वर, एवढेच यायला हवेत. सरळ ९ दिले तर पलीकडे ४.५ निघतात. ३.९ च्या बॅटरीवर ४.५ लादले तर करंट आवाक्याबाहेर जाईल, म्हणून फोन त्या अवस्थेत पंप सुरूच करत नाही.

आता तुमच्या फोनचं उदाहरण घेऊ. समजा बॅटरी ३.९ व्होल्टवर आहे. पीपीएस चार्जरकडे फोन ८.१ व्होल्ट आणि २.७ अँपिअर मागतो. आत आले सुमारे २२ वॅट. पंपाने निम्मे-दुप्पट केलं, बॅटरीत साधारण सव्वापाच अँपिअर गेले आणि फोनच्या आत उष्णता झाली अर्धा-पाऊण वॅट. तेच २२ वॅट जुन्या कॉइलच्या रस्त्याने नेले असते, तर दोन वॅटच्या वर उष्णता फोनमध्येच साठली असती, तीही मागच्या काचेखाली, बॅटरीला खेटून. म्हणून कंपनी कॉइलचा रस्ता १५ वॅटपर्यंतच मोकळा ठेवते. पीपीएस मिळालं की पंपाचा रस्ता, नाही मिळालं की कॉइलचा. तुमच्या स्क्रीनवरचं `Fast charging` म्हणजे तो १५ वॅटचा रस्ता.

केळीबाग_रावेर
म्हणजे उष्णता फोनमधून काढून चार्जरच्या माथी मारली म्हणा की.

तापीकाठ
अगदी. व्होल्ट बारकाईने जुळवायचं काम भिंतीवरच्या डब्याने करायचं. तो तापला तरी हातात धरायचा नसतो.

धुळे_रोड
एक शंका. आयफोन तर वर्षानुवर्षं ९ व्होल्टच्या ठरलेल्या पायरीवर वीस वॅटच्या पुढे चार्ज होत आलाय, पीपीएस न मागता. मग ‘९ वर जमतच नाही’ हे पूर्ण खरं नाही.

तापीकाठ
बरोबर पकडलंत. ‘जमत नाही’ असं नाही, ‘या फोनमध्ये तशी सोय केलेली नाही’ असं म्हणायला हवं. कॉइलचं सर्किट मोठं घातलं आणि उष्णता पसरवायची व्यवस्था केली, तर ९ वर पंचविशीपर्यंत जाता येतं. पुढे मात्र ते महाग आणि गरम होत जातं. सॅमसंग आणि पिक्सेल यांनी पीपीएसचा रस्ता धरला. वनप्लस, ओप्पो, रिअलमी यांचा स्वतःचा वेगळा चार्जर असतो. तो चार्जर नसेल तेव्हा त्यांचे काही फोन पीपीएसवर बऱ्यापैकी वेग देतात, काही १०-१८ वॅटवर येतात. तिथे मॉडेलनिहाय बघावं लागतं, सरसकट नियम नाही.

ताई_अमळनेर
माझ्या मुलाचा एस२३ अल्ट्रा आहे, ४५ वॅटचा. तुम्ही म्हणता तशी `PPS: 3.3-11V 3A` ओळ बघूनच चार्जर घेतला, ६५ वॅटचा. तरी `Super fast charging` एवढंच येतं, `Super fast charging 2.0` येत नाही. म्हणजे पीपीएस असूनही फसवणूक झाली का?

तापीकाठ
फसवणूक नाही ताई, त्या ओळीतला शेवटचा आकडा कमी पडतोय. पंपाला ८-९ व्होल्टच्या आसपासच लागतात, मग फोन २५ चा असो की ४५ चा. व्होल्ट वाढवता येत नाहीत म्हटल्यावर जास्त वॅटसाठी करंटच वाढवावा लागणार. ९ व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे २७ वॅट, तिथेच तुमचा चार्जर थांबतो. त्याचे बाकीचे वॅट २० व्होल्टच्या पायरीत आहेत, लॅपटॉपसाठी. ते फोनच्या उपयोगाचे नाहीत.

सॅमसंगच्या स्वतःच्या ४५ वॅट चार्जरवर बघा, ११ व्होल्टच्या पीपीएस ओळीत ४.०५ अँपिअर लिहिलेले असतात. दुसऱ्या कंपनीचा घेताना `PPS: 3.3-11V` पुढे ४.०५, ४.५ किंवा ५ अँपिअर दिसले तरच घ्या.

आणि केबल. टाइप-सीची साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच चालते. त्यावर जायचं तर केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते. चार्जर आधी केबलला विचारतो, चिपने ५ अँपिअर सांगितले तरच तेवढ्याची यादी फोनपुढे ठेवतो. केबलच्या पाकिटावर ५ अँपिअर, १०० वॅट किंवा २४० वॅट लिहिलेलं असलं की चिप असते. ६० वॅट लिहिलेली केबल ३ अँपिअरवालीच.

सुरमाडे
मना बी फोन असाच करस भाऊ, पण मनी केबल एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी शे. चार्जरवर ‘६५ वॅट पीपीएस’ लिहिलंय.

धुळे_रोड
चौकोनी टोकातून पीडीची बोलणी होतच नाहीत भाऊ. पीपीएस तर पीडीच्याही आतलं. दोन्ही टोकांना टाइप-सी हवी आणि चार्जरवर दोन भोकं असतील तर टाइप-सीच्याच भोकात लावा. चौकोनी भोकाला जो वेग मिळतो तो वेगळ्या, जुन्या पद्धतीचा असतो.

भुसावळ_लोको
बरं, जळण्याचं सोडा. पण पीपीएसचे चार्जर मधेच बंद-चालू होतात, हे तर बघितलेलं आहे. फोन दर थोड्या वेळाने ‘टुंग’ करतो. व्होल्ट सारखे हलवल्यानेच होत असणार ते.

तापीकाठ
लक्षण बरोबर आहे, कारण वेगळं आहे. पीपीएस सुरू असताना फोनने दर दहा सेकंदांच्या आत आपली मागणी पुन्हा सांगायची असा नियम आहे. आकडा तोच असला तरी सांगायचीच. मागणी आली नाही, तर चार्जर धरतो की पलीकडचा गेला किंवा गोंधळला. मग तो लाइन शून्यावर आणून पुन्हा ५ व्होल्टपासून सुरुवात करतो. मुद्दाम तसं ठेवलंय, कारण पंपाला लागलेल्या बॅटरीवर कुणाचं लक्ष नसताना व्होल्ट तसेच चालू राहणं धोक्याचं आहे.

म्हणून ‘टुंग’ ऐकू आला तर बोलणी कुठे तुटतायत ते शोधायचं. बहुतेक वेळा फोनच्या पोर्टात कापसाचा मळ किंवा धूळ बसलेली असते, नाहीतर केबलचं टोक ढिलं झालेलं असतं. बोलणी ज्या पिनेवरून होतात ती एकच, तिथला संपर्क आधी बिघडतो. साध्या चार्जिंगला अशी सारखी बोलणी लागत नाहीत, म्हणून ते ठीक चालतं आणि वेगवान तेवढं तुटतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकने पोर्ट हलकेच साफ करा, सुई घालू नका. मग दुसरी केबल लावून बघा. तरीही होत असेल तर चार्जरचाच दोष.

केळीबाग_रावेर
दोन भोकांच्या चार्जरमध्येही हे होतं. एकात फोन लावलाय आणि कुणी दुसऱ्यात इअरबड लावले, की पहिला एकदा तुटून पुन्हा जुळतो. वॅटची वाटणी नव्याने होते ना. काही चार्जर त्या वाटणीत पहिल्या भोकाचं पीपीएसच काढून घेतात. मग इअरबडच्या अडीच वॅटपायी फोन पंधरावर येतो. डब्यावर ‘दोन्ही पोर्ट वापरताना’ असा तक्ता छापलेला असतो, त्यात पीपीएसचा उल्लेख आहे का ते बघून घ्यावं.

माझा प्रश्न वेगळाच आहे. शेतात मोटारी चालू असल्या की व्होल्टेज १६० च्या खाली जातं. त्यात पीपीएसचं काय होतं?

धुळे_रोड
चार्जरवर इनपुट `100-240V` लिहिलंय ना? मग १६० ला काही बिघडत नाही. आधी त्याचं डीसी होतं, मग पुढचं सगळं. तेवढेच वॅट द्यायला कमी व्होल्टेजवर तो जास्त करंट ओढेल आणि थोडा अधिक तापेल, इतकंच. शेतावर फोन सावकाश चार्ज होत असेल तर आधी बघा तो कुठे ठेवलाय. मे महिन्यात रावेर-भुसावळकडे ४४-४५ अंश चाललेले असतात, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. बॅटरी चाळिशीच्या आसपास गेली की फोन स्वतःच मागणी कमी करत जातो. तिथे कितीही भारी पीपीएस चार्जर लावा, मागणाराच कमी मागतोय.

केळीबाग_रावेर
पत्र्याचीच खोली आहे. फोन किती तापलाय ते नेमकं कळतं का कुठे?

तापीकाठ
संगणक जवळ असेल तर कळतं. पण वेगवान चार्जिंग चालू असताना फोन संगणकाला जोडता येणार नाही, म्हणून डेव्हलपर ऑप्शन्समधून वाय-फायवरचं डीबगिंग चालू करा, फोन जोडून घ्या आणि हे चालवा:

```
adb shell dumpsys battery
```

त्यात `temperature: 385` अशी ओळ येते, म्हणजे ३८.५ अंश. शेवटचा आकडा दशांशाचा. तिच्या वर `voltage: 3912` दिसतं, ते बॅटरीचे मिलिव्होल्ट. पंप चालू असेल तर बाहेरून साधारण याच्या दुपटीहून थोडे जास्त येत असणार, हिशोब लावून बघा.

बाहेरचं मोजायचं तर टाइप-सीचा छोटा मीटर मिळतो. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा. स्क्रीनवर ९.०० ला स्थिर बसला तर समजा ठरलेली पायरी चालू आहे. ७.९४, ७.९६, ८.००, ८.०४ असा हळूहळू चढत गेला तर पीपीएस. काही मीटर चार्जरची पूर्ण यादीही वाचून दाखवतात, त्यात `PPS` किंवा `APDO` असं लिहिलेलं येतं. छापील लेबलपेक्षा त्या यादीवर जास्त विश्वास ठेवा.

ताई_अमळनेर
लेबल खोटं असू शकतं का? बीआयएसचा आर-नंबर बघून घेतला तर चालेल ना?

धुळे_रोड
आर-नंबर बघाच, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून खरा आहे का तेही तपासा. पण तो सुरक्षिततेचा दाखला आहे. शॉक, आग वगैरे. पीपीएस आहे की नाही याची हमी तो देत नाही.

आणखी एक फसगत होते. १५ वॅटच्या छोट्या चार्जरवर `PPS: 3.3-5.9V 3A` एवढीच ओळ असते. पीपीएस आहे म्हणून दुकानदार विकतो, खोटंही बोलत नाही. पण आपल्याला आठ व्होल्ट हवेत आणि ते ५.९ ला संपतं. दुपटीच्या पंपाला त्याचा काही उपयोग नाही. निदान ११ चा आकडा दिसलाच पाहिजे.

भुसावळ_लोको
ठीक आहे, मानलं. पण ८० टक्क्यांनंतर पीपीएस असो-नसो, सगळे सारखेच रडतात.

तापीकाठ
हो, तिथे फारसा फरक उरत नाही. बॅटरी तिच्या वरच्या व्होल्टला पोचली की करंट उतरवावाच लागतो. थोड्या करंटवर पंप चालवण्यात अर्थ नसतो, म्हणून फोन गुपचूप कॉइलच्या रस्त्यावर येतो. मीटर लावलेला असेल तर ते कळतं, चढत चाललेला आकडा एकदम सोडून तो ठरलेल्या पायरीवर येऊन बसतो. पीपीएसची सगळी कमाई १० ते ६०-७० टक्क्यांमधली. रात्रभर लावून झोपणाऱ्याला ६५ वॅटचा लॅपटॉपवालाही पुरे.

जळगावचा_मी
पण मग बॅटरीच्या आयुष्याला कुठलं बरं? १५ वॅटचं की पीपीएसचं?

धुळे_रोड
माझ्या मते १५ चं. करंट कमी, ताण कमी.

तापीकाठ
मला तितकं सरळ वाटत नाही. करंटचा ताण पीपीएसवर जास्त हे खरं. पण १५ वॅट कॉइलमधून गेले तर दीड वॅट उष्णता आत, पंपाने २२ गेले तरी पाऊण वॅट. अर्थात जास्त करंटने बॅटरी स्वतःही तापते, तो हिशोब यात धरलेला नाही. थंडीत धुळ्यात पारा खाली असताना एक उत्तर आणि मे महिन्यात जळगावात दुसरं, असंही असू शकेल. ज्याच्याकडे मीटर आहे त्याने एकाच खोलीत, त्याच फोनवर, २० ते ६० टक्के दोन्ही चार्जरने करून दर पाच मिनिटांनी `temperature` लिहून इथे टाकावं.

सुरमाडे
केबल बदली भाऊ, दोन्हीकडे टाइप-सीची आणली. `Super fast` आलं. पण फोनला कव्हर घातलं की वीस मिनिटांनी वेग उतरतो, काढलं की राहतो.

केळीबाग_रावेर
जाड रबरी असेल. चार्जिंगपुरतं काढून ठेव.